सरप्लस कॅपिटल पद्धतीने पीसमील वाटप : पैसे आधी कोणाला द्यायचे आणि का

भागीदारी मोडली की सगळा माल एका दिवशी विकला जातो आणि सगळे पैसे एकदम हातात येतात, असं फक्त साध्या विसर्जनाच्या गणितात होतं. खऱ्या धंद्यात उधारी जूनमध्ये थोडी वसूल होते, मशीनला गिऱ्हाईक गणपतीनंतर मिळतं, पडून राहिलेला माल दिवाळीच्या आसपास कोणीतरी लॉटमध्ये उचलतं आणि तोपर्यंत भागीदार थांबायला तयार नसतात. प्रत्येकाच्या घरी खर्च असतो, म्हणून जसे पैसे येतील तसे वाटायचे. यालाच पीसमील डिस्ट्रिब्युशन म्हणतात.

यातली खरी अडचण अशी की वाटप करताना शेवटी किती नुकसान होणार ते कोणालाच माहीत नसतं. आज एखाद्याला जास्त दिले आणि उद्या मशीन भंगाराच्या भावात गेलं, तर त्याच्याकडून पैसे परत मागायची वेळ येते, आणि विसर्जन झालेल्या फर्मच्या भागीदाराकडून पैसे परत आणणं किती अवघड असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. म्हणून पद्धत अशी पाहिजे की दिलेला एकही रुपया परत मागावा लागू नये. सरप्लस कॅपिटल पद्धत नेमकं हेच करते.

बीकॉमला हा चॅप्टर असतो आणि बहुतेक मुलं टेबल पाठ करून जातात, पण युनिटने भागायचं का आणि सगळ्यात लहान आकडाच का घ्यायचा हे विचारलं की गप्प बसतात. म्हणून आधी तेच बघू, टेबल नंतर आपोआप जमतं.

मूळ कल्पना

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. एक छोटी प्रिंटिंग प्रेस आहे, तीन भागीदार, आपण त्यांना काका, दादा आणि ताई म्हणू. नफा-तोटा वाटणी ३:२:१. सगळे हिशेब धरून काकांचं भांडवल १,२०,०००, दादाचं १,००,००० आणि ताईचं ७०,०००. म्हणजे एकूण २,९०,०००.

आता विचार करा, पहिले पैसे आले तर कोणाला द्याल? बहुतेक जण म्हणतात काकांना, त्यांचेच सगळ्यात जास्त अडकलेत ना. पण उलटं आहे. काकांचं भांडवल मोठं आहे हे खरं, पण तोट्यातला वाटाही त्यांचाच सगळ्यात मोठा आहे, सहा रुपये बुडाले की त्यातले तीन काकांचे. त्यामुळे बघायचं हे नाही की कोणाचं भांडवल किती आहे, बघायचं हे की कोणाचं भांडवल किती तोटा सोसू शकतं.

त्यासाठीच प्रत्येकाचं भांडवल त्याच्या वाटणीच्या युनिटने, म्हणजे ३, २, १ ने भागायचं. काकांचे १,२०,००० भागिले ३ म्हणजे ४०,०००. दादाचे १,००,००० भागिले २ म्हणजे ५०,०००. ताईचे ७०,००० भागिले १ म्हणजे ७०,०००. या आकड्याचा अर्थ काय? वाटणीच्या प्रत्येक युनिटमागे ४०,००० बुडाले की काकांचं खातं रिकामं. युनिटं एकूण सहा, म्हणजे फर्मचा एकूण तोटा २,४०,००० झाला की काका शून्यावर येतात, आणि त्या वेळी दादाकडे अजून २०,००० आणि ताईकडे ३०,००० शिल्लक असतात. म्हणजे तोट्याच्या बाबतीत सगळ्यात भरलेलं खातं ताईचं आहे आणि सगळ्यात उथळ काकांचं.

म्हणून पहिले पैसे ताईला, कारण तिला दिले तरी तिचं उरलेलं भांडवल तिच्या वाट्याचा तोटा सोसायला पुरतं. काकांना पहिला रुपया दिला आणि तोटा मोठा निघाला, तर तो रुपया त्यांच्याकडून परत आणावा लागेल. ही एवढी गोष्ट डोक्यात बसली की टेबल चुकलं तरी तुमचं तुम्हालाच लक्षात येतं, कारण युनिटमागे भांडवल ज्याचं जास्त, त्याला पैसे आधी मिळालेच पाहिजेत.

टेबल मांडायच्या आधी भांडवल नीट करून घ्या

वर मी 'सगळे हिशेब धरून' असं म्हटलं, त्या तीन शब्दांत निम्म्या चुका होतात. प्रेसच्या बॅलन्स शीटला काकांचं भांडवल १,०५,०००, दादाचं ९०,००० आणि ताईचं ६५,००० दिसतंय. त्याखाली जनरल रिझर्व्ह ३०,००० आहे, क्रेडिटर ७०,०००, मशीनवर घेतलेलं बँकेचं कर्ज ५०,००० आणि दादाने फर्मला दिलेलं कर्ज ३०,०००. दुसऱ्या बाजूला रोख १०,०००, कागद-शाईचा स्टॉक ९०,०००, येणं उधारी १,२०,०००, मशीन १,८०,००० आणि फर्निचर ४०,०००. दोन्हीकडे ४,४०,०००.

रिझर्व्ह हा भागीदारांचाच न वाटलेला नफा, तो ३:२:१ मध्ये वाटून भांडवलात टाकायचा, काकांना १५,०००, दादाला १०,०००, ताईला ५,०००. तेव्हा कुठे १,२०,०००, १,००,००० आणि ७०,००० होतात. करंट अकाउंट वेगळं असेल तर त्याचं बॅलन्सही इथेच मिळवायचं, डेबिट असेल तर वजा. आणि मालमत्तेच्या बाजूला पी अँड एलचं डेबिट बॅलन्स किंवा जाहिरातीचा न उडवलेला खर्च असं काही असेल तर ती विकायची वस्तूच नाही, त्यातून एक पैसा येणार नाही, तो आत्ताच वाटणीच्या प्रमाणात भांडवलातून वजा करायचा.

दादाचं ३०,००० चं कर्ज मात्र भांडवलात मिळवायचं नाही. भारतीय भागीदारी कायदा १९३२, त्याच्या कलम ४८ मध्ये क्रम स्पष्ट दिलाय, आधी बाहेरच्यांची देणी, मग भागीदारांनी भांडवलाव्यतिरिक्त दिलेली रक्कम, मग भांडवल, आणि त्यानंतर काही उरलं तर ते नफ्याच्या प्रमाणात. म्हणून दादाचं कर्ज क्रेडिटरनंतर पण भांडवलाच्या आधी फिटतं. दोन भागीदारांची कर्जं असतील आणि पैसे पुरत नसतील, तर ती कर्जांच्या रकमेच्या प्रमाणात द्यायची, वाटणीच्या प्रमाणात नाही, इथे पण बरेच जण घसरतात.

वाटणीचं प्रमाण डीडमध्ये बघा. डीडमध्ये नसेल आणि तसा काही ठराव पण नसेल तर कायद्याने सारखी वाटणी, भांडवल कितीही कमी-जास्त असो.

सरप्लसचं टेबल

आता मुख्य काम. मी हे कॉलम्नर पॅडच्या पानावर पेन्सिलने करते, तीन भागीदारांचे तीन कॉलम आणि उजवीकडे एक जास्तीचा कॉलम बेरजेसाठी. तो चौथा कॉलम ठेवाच, तो पुढे का लागतो ते सांगते.

पहिली ओळ भांडवल, दुसरी ओळ वाटणीचं प्रमाण, तिसरी ओळ युनिटमागे भांडवल. त्यात सगळ्यात लहान आकडा ४०,०००, तो काकांचा. काकांना बेस धरायचं आणि विचारायचं की काकांच्या हिशेबाने बाकीच्यांचं भांडवल किती असायला हवं होतं. ४०,००० गुणिले ३, २, १, म्हणजे १,२०,०००, ८०,०००, ४०,०००. खऱ्या भांडवलातून हे वजा केलं की जे उरतं ते सरप्लस.

| | काका | दादा | ताई | बेरीज |
|---|---|---|---|---|
| भांडवल | १,२०,००० | १,००,००० | ७०,००० | २,९०,००० |
| प्रमाण | ३ | २ | १ | ६ |
| युनिटमागे | ४०,००० | ५०,००० | ७०,००० | |
| काकांच्या बेसवर | १,२०,००० | ८०,००० | ४०,००० | २,४०,००० |
| सरप्लस | ० | २०,००० | ३०,००० | ५०,००० |
| प्रमाण | | २ | १ | ३ |
| युनिटमागे | | १०,००० | ३०,००० | |
| दादाच्या बेसवर | | २०,००० | १०,००० | ३०,००० |
| शेवटचा सरप्लस | | ० | २०,००० | २०,००० |

बरेच जण पहिल्या सरप्लसवर थांबतात आणि ५०,००० हे दादा-ताईला २०,००० आणि ३०,००० च्या प्रमाणात किंवा २:१ ने देऊन टाकतात, तिथे चुकतं. दादा आणि ताई यांच्यातही कोणीतरी दुसऱ्यापेक्षा जास्त भरलेला आहे, म्हणून तीच प्रक्रिया फक्त त्या दोघांसाठी परत करायची. सरप्लसला त्यांच्या युनिटने भागा, लहान आकडा दादाचा १०,०००, त्या बेसवर दादाचे २०,००० आणि ताईचे १०,०००, आणि ताईकडे २०,००० उरले. एकच भागीदार सरप्लसमध्ये उरला की टेबल संपलं. चार भागीदार असते तर अजून एक फेरी लागली असती. दोघांचा युनिटमागचा आकडा सारखाच आला तर दोघंही एकाच वेळी शून्यावर येतात आणि एक फेरी वाचते.

आता टेबल खालून वर वाचायचं. पैसे वाटायचे थर असे :

१. पहिले २०,००० फक्त ताईला.
२. पुढचे ३०,००० दादा आणि ताईला २:१ मध्ये.
३. त्यापुढचे २,४०,००० तिघांना ३:२:१ मध्ये, आणि त्याहून जास्त आले तर तो नफा, तोही ३:२:१ मध्येच.

चौथ्या कॉलमचा उपयोग इथे होतो. २०,००० अधिक ३०,००० अधिक २,४०,००० म्हणजे २,९०,०००, एकूण भांडवलाएवढंच आलं. बेरीज जुळली नाही तर पुढे एक आकडा लिहू नका, टेबलमध्येच चूक आहे.

हप्ते वाटून बघू

समजा विसर्जन ३१ मार्चला झालं. सुरुवातीला हातात १०,००० रोख आहेत. विक्रीचा खर्च, म्हणजे दलाली, मशीन उचलायला क्रेन, वकील वगैरे, अंदाजे ८,००० होईल असं ठरलं. ते ८,००० आधी बाजूला काढून ठेवायचे, त्यांना हात लावायचा नाही. राहिले २,०००, ते क्रेडिटरना.

जूनमध्ये उधारीतून ६८,००० आले. पुन्हा क्रेडिटरना, आता त्यांचे ७०,००० पूर्ण फिटले. भागीदारांना अजून काही नाही, आणि इथे भागीदारांची कुरकुर सुरू होते, पण बाहेरचं देणं असताना भागीदाराला देणं चालत नाही. बँकेचं कर्ज मशीनवर आहे, मशीन विकेपर्यंत ते उभंच आहे, ते फिटल्याशिवाय दादाच्या कर्जालाही हात लावायचा नाही.

सप्टेंबरमध्ये मशीन गेलं, पुस्तकात १,८०,००० होतं, मिळाले १,१२,०००. जुन्या ऑफसेट मशीनचं असंच होतं, पुस्तकी किंमत आणि बाजार यांचा मेळ बसत नाही. यातले ५०,००० बँकेला, मग ३०,००० दादाचं कर्ज. उरले ३२,०००. आता भांडवलाचं वाटप पहिल्यांदा सुरू झालं. पहिला थर २०,००० ताईला. राहिलेले १२,००० दुसऱ्या थरातले, दादाला ८,०००, ताईला ४,०००. दुसरा थर ३०,००० चा होता, त्यातले १८,००० अजून बाकी आहेत, हे पानाच्या बाजूला लिहून ठेवा, पुढच्या हप्त्याला तिथूनच सुरुवात करायची असते आणि नेमकं तेच विसरलं जातं.

ऑक्टोबरमध्ये कागद-शाईचा स्टॉक ५४,००० ला गेला. आधी दुसऱ्या थरातले राहिलेले १८,०००, दादाला १२,००० आणि ताईला ६,०००. उरले ३६,०००, ते तिसऱ्या थरात, काकांना १८,०००, दादाला १२,०००, ताईला ६,०००. काकांच्या हातात पैसे इथे पहिल्यांदा आले.

डिसेंबरमध्ये राहिलेली उधारी आणि फर्निचर मिळून ५८,००० आले. विक्रीचा खर्च प्रत्यक्षात ६,००० झाला, म्हणजे बाजूला ठेवलेल्या ८,००० तले २,००० परत आले. एकूण ६०,०००, काकांना ३०,०००, दादाला २०,०००, ताईला १०,०००.

| भांडवलापोटी | काका | दादा | ताई | एकूण |
|---|---|---|---|---|
| सप्टेंबर | ० | ८,००० | २४,००० | ३२,००० |
| ऑक्टोबर | १८,००० | २४,००० | १२,००० | ५४,००० |
| डिसेंबर | ३०,००० | २०,००० | १०,००० | ६०,००० |
| एकूण मिळाले | ४८,००० | ५२,००० | ४६,००० | १,४६,००० |
| न मिळालेले | ७२,००० | ४८,००० | २४,००० | १,४४,००० |

शेवटची ओळ बघा. ७२,०००, ४८,०००, २४,००० म्हणजे बरोबर ३:२:१. न मिळालेली रक्कम म्हणजेच प्रत्येकाने सोसलेला तोटा, आणि तो वाटणीच्या प्रमाणात आला म्हणजे हिशेब बरोबर. दुसऱ्या बाजूनेही पडताळा घेता येतो, रोख सोडून मालमत्ता ४,३०,००० ची होती, विकून आले २,९२,०००, तोटा १,३८,०००, त्यात खर्च ६,०००, एकूण १,४४,०००. दोन्हीकडून आकडा जुळला. परीक्षेत असो की ऑफिसात, हा शेवटचा पडताळा घेतल्याशिवाय मी पान उलटत नाही.

नफ्याच्या प्रमाणात वाटलं असतं तर

आर्टिकलशिपला असताना मी एक फाइल बघितली होती, फर्मचं नाव सांगत नाही, तिथे पहिले पैसे आले तसे नफ्याच्या प्रमाणात वाटून टाकले होते, भागीदार आपसात म्हणाले नफा असा वाटतो तर हेही असंच. पुढे माल सडला, वसुली थांबली आणि ज्याला सगळ्यात जास्त मिळाले होते त्याच्याचकडे परत मागायची पाळी आली. तो गाव सोडून गेला होता. बाकीच्या दोघांनी त्याच्या वाट्याचा तोटा स्वतःच्या खिशातून भरला. त्या फाइलमधला पत्रव्यवहार वाचला तेव्हा मला हा चॅप्टर खऱ्या अर्थाने कळला.

आपल्या उदाहरणात तेच करून बघा. सप्टेंबरचे ३२,००० नफ्याच्या प्रमाणात वाटले असते तर काकांना १६,००० मिळाले असते. आता समजा त्यानंतर काहीच आलं नाही, कागद भिजला, उधारी बुडाली, ठेवलेले ८,००० खर्चात गेले. मग एकूण तोटा २,९०,००० वजा ३२,००० म्हणजे २,५८,०००. काकांचा वाटा निम्मा, १,२९,०००. त्यांच्या खात्यात १६,००० दिल्यावर १,०४,००० उरले होते, म्हणजे काकांनी २५,००० परत आणायला हवेत.

सरप्लस पद्धतीने काकांना शून्य दिलं होतं. तरीही या वाईट परिस्थितीत ते ९,००० देणं लागतातच, कारण १,२०,००० भांडवल आणि १,२९,००० तोटा. ही या पद्धतीची मर्यादा आहे, नीट समजून घ्या. दिलेला पैसा परत मागावा लागणार नाही एवढीच हमी ती देते. पैसे पहिल्या दोन थरांएवढे, म्हणजे ५०,००० सुद्धा आले नाहीत, तर काकांना खिशातून भरावं लागेल, आणि ते भरू शकले नाहीत तर ते नुकसान दादा-ताईवर येणार. ते कोणतीही वाटपाची पद्धत टाळू शकत नाही.

भांडवलाच्या प्रमाणात वाटणं हे पण तितकंच चूक, आणि हे जास्त फसवं आहे कारण ऐकायला न्याय्य वाटतं. काकांचं भांडवल जास्त म्हणून त्यांना जास्त मिळणार, तोट्यातला वाटा मात्र कोणी बघतच नाही. भांडवलं आधीपासूनच ३:२:१ मध्ये असती, म्हणजे समजा १,५०,०००, १,००,००० आणि ५०,०००, तर नफ्याच्या प्रमाणात वाटलं काय किंवा भांडवलाच्या, एकच उत्तर आलं असतं आणि टेबलची गरजच नव्हती. तीच एक स्थिती अशी.

मॅक्झिमम लॉस पद्धतीने ताळा

शंका असेल तर एका हप्त्याचा ताळा दुसऱ्या पद्धतीने घ्या, दहा मिनिटं लागतात. सप्टेंबरला असं धरा की यापुढे एक रुपया येणार नाही. तोटा २,५८,०००, वाटे १,२९,०००, ८६,०००, ४३,०००. भांडवलातून वजा केले की काका उणे ९,०००, दादा १४,०००, ताई २७,०००. काकांचे उणे ९,००० दादा-ताईवर २:१ ने टाका, दादाकडून ६,०००, ताईकडून ३,०००. उरले दादाला ८,०००, ताईला २४,०००. टेबलमधून जे आलं होतं तेच.

एक लक्षात ठेवा, हा मेळ काकांची तूट नफ्याच्या प्रमाणात वाटली तरच बसतो. प्रश्नात १९०४ चा इंग्लंडमधला गार्नर विरुद्ध मरे निकाल लावायला सांगितला असेल तर तूट भांडवलाच्या प्रमाणात जाते आणि हप्त्याचे आकडे थोडे वेगळे येतात. ते चुकलं म्हणून घाबरून टेबल खोडू नका.

दोन्ही पद्धतींत फरक कामाचा आहे. मॅक्झिमम लॉसमध्ये प्रत्येक हप्त्याला सगळा हिशेब नव्याने करायचा. सरप्लसमध्ये टेबल एकदाच, मग हप्ते कितीही येवोत, थर फक्त भरत जायचे. सात-आठ हप्ते असतील तर मी दुसरा विचार करत नाही.

भागीदाराने वस्तू उचलली तर

हे जवळपास प्रत्येक विसर्जनात होतं. समजा ऑक्टोबरमध्ये ५४,००० च्या स्टॉकपैकी ९,००० चा कागद ताईने ठरलेल्या किमतीला स्वतः घेतला आणि बाकीचा ४५,००० ला रोखीने गेला. वाटपासाठी रक्कम ५४,०००च धरायची, ४५,००० नाही. ताईला त्या हप्त्यात १२,००० येणं होतं, त्यातले ९,००० कागदाच्या रूपाने पोचले, उरलेले ३,००० रोख. काका आणि दादाच्या आकड्यात काहीच फरक नाही.

पण काकांनी सप्टेंबरमध्येच ६,००० चं कपाट उचललं तर? त्या वेळी त्यांना एक रुपयाही येणं नाही. काही जण हे तिसऱ्या थरातून नंतर कापू म्हणून पुढे ढकलतात, पण मधल्या काळात काकांना त्यांच्या हक्काआधी ६,००० मिळालेले असतात. माझ्या मते सरळ दोन रस्ते आहेत. एकतर काकांकडून ६,००० रोख भरून घ्या आणि ते बाकीच्या रकमेत मिसळा. नाहीतर काकांचं भांडवल १,१४,००० धरून टेबल परत मांडा. तेव्हा काकांचं युनिटमागे ३८,००० होतं, त्या बेसवर दादाचा सरप्लस २४,००० आणि ताईचा ३२,०००. पुढच्या फेरीत दादाचे २४,०००, ताईचे १२,००० आणि ताईचा शेवटचा सरप्लस २०,०००.

म्हणजे पहिला थर तसाच राहिला, दुसरा मात्र ३०,००० चा ३६,००० झाला. वाढलेले ६,००० कोणाचे? दादाचे ४,००० आणि ताईचे २,०००. काकांनी तीन युनिटांवर ६,००० आधी घेतले, म्हणजे युनिटमागे २,०००, तर तेवढेच युनिटमागे २,००० बाकीच्या दोघांना काकांच्या आधी मिळाले पाहिजेत. बेरीजही बघून घ्या, २०,००० अधिक ३६,००० अधिक ३८,००० गुणिले ६ म्हणजे २,२८,०००, एकूण २,८४,०००, कपाटाचे ६,००० वजा जाऊन राहिलेलं भांडवल. हे नवीन टेबल जुन्याच्या खाली तारीख टाकून लिहा आणि तिघांची सही घ्या, कारण डिसेंबरमध्ये काका विचारणार की माझे आकडे का बदलले, आणि तेव्हा कपाट कोणाला आठवत नाही.